ॲमेझॉनवर ब्रँड नोंदवताना या चुका टाळा: नाव एक, पाकीट एक, फोटो खरा

सावदा, फैजपूर, रावेर या पट्ट्यात केळीचे वेफर्स करणारे बरेच जण आता ॲमेझॉनवर माल टाकतात. विक्री थोडी जमली की ते ब्रँड रजिस्ट्रीसाठी, म्हणजे ॲमेझॉनकडे ब्रँड आपल्या नावावर नोंदवण्यासाठी, अर्ज करतात आणि अर्ज परत येतो. ट्रेडमार्क केलेला असतो, पावती हातात असते, मग अडतं कुठे? बहुतेक वेळा ट्रेडमार्कवर एक नाव असतं, अर्जात दुसरं आणि पाकिटावर तिसरं.

समजा, रावेरच्या एका ताईंनी ‘तापीकाठ’ नावाने वेफर्स सुरू केले. सल्लागाराने मालाच्या वर्ग २९ मध्ये ट्रेडमार्कचा TM-A अर्ज भरला. व्यक्ती किंवा उद्यम नोंदणी असलेल्या लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जासाठी एका वर्गाचे ४,५०० रुपये लागतात, तेवढे ताईंनी भरले. अर्जात लोगो दिला: देवनागरी ‘तापीकाठ’ आणि शेजारी केळीचं पान. पाकिटावर मात्र छापलं TAPIKATH, कारण बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला वाचता यावं. आणि ब्रँड रजिस्ट्रीत टाइप केलं Tapi Kath Banana Wafers. तपासणाऱ्याच्या दृष्टीने ही तीन वेगवेगळी नावं झाली.

अर्जात ब्रँडचं नाव ट्रेडमार्कवर आहे तसंच लागतं: तीच अक्षरं, तीच मोकळी जागा, तेच कॅपिटल. मालाचं नाव त्याला जोडायचं नाही. म्हणून आधी ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर अर्ज क्रमांक टाकून नोंद उघडा, तिथलं नाव जसंच्या तसं उतरवून घ्या आणि मगच पुढचा रकाना भरा. चिन्ह लोगोच्या रूपात असेल तर चिन्हाचा प्रकारही तसाच निवडायचा आणि नोंदीतलीच प्रतिमा जोडायची.

ज्यांनी अजून ट्रेडमार्क भरलेला नाही, त्यांना माझं ठाम सांगणं आहे: ऑनलाइन विक्री करायची असेल तर रोमन लिपीतलं नुसतं शब्दचिन्ह आधी भरा. लोगो पुढे बदलला तरी ते नाव कामात येतं. ताईंसारखी अडचण आधीच झाली असेल, तर TAPIKATH साठी ट्रेडमार्कचा नवा अर्ज करणं मला सोयीचं वाटतं. नोंदणी पूर्ण होण्याची वाट बघावी लागत नाही. प्रलंबित अर्जाच्या क्रमांकावरही ब्रँड रजिस्ट्रीत अर्ज करता येतो. मात्र तोवर पाकिटावर ® छापू नका. नोंदणी नसताना ते वापरायला ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ च्या कलम १०७ खाली मनाई आहे आणि दंड होऊ शकतो. ™ चालतं.

आता फोटो. इथे सगळ्यात जास्त अर्ज पडतात. डिझायनरने संगणकावर बनवलेलं पाकिटाचं चित्र पाठवलं की ते नाकारलं जातं, कारण ते पाकीट प्रत्यक्षात अस्तित्वात आहे हे त्यातून दिसत नाही. साध्या पारदर्शक पिशवीवर चिकटवलेला स्टिकरही सहसा चालत नाही. ब्रँडचं नाव मालावर किंवा वेष्टनावर कायमचं हवं. छापील पाऊच म्हटलं की खर्चाची धास्ती असते, आणि ती खोटी नाही: रोटो छपाईत प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर करावा लागतो, त्यामुळे थोडा माल परवडत नाही. सुरुवातीला डिजिटल छपाईचे थोडे पाऊच करून घ्या.

फोटो असा काढा: वेफर्स भरून सील केलेलं पाकीट टेबलावर किंवा हातात धरा, दिवसाच्या उजेडात. समोरची बाजू, मागची बाजू आणि नाव ठळक दिसेल असा एक जवळून. पाऊच चकाकतो, म्हणून फ्लॅश बंद ठेवा, नाहीतर नेमकं नावावरच पांढरा डाग पडतो. पार्श्वभूमी कापू नका, वरून अक्षरं टाकू नका. मागच्या बाजूला उत्पादकाचं नाव-पत्ता आणि १४ अंकी FSSAI परवाना क्रमांक वाचता आला पाहिजे. ट्रेडमार्क सासऱ्यांच्या नावावर आणि विक्रेता खातं सुनेच्या नावावर असेल, तर मालकाचं सहीचं अधिकारपत्र आधीच तयार ठेवा.

सगळं जुळल्यावरही एक जागा राहते. पडताळणीचा कोड तुमच्या मोबाइलवर येत नाही. ट्रेडमार्कच्या नोंदीत ज्याचा संपर्क आहे त्याच्या ईमेलवर जातो, आणि तो बहुधा अर्ज भरणाऱ्या सल्लागाराचा असतो. त्याला काहीच ठाऊक नसेल तर ईमेल स्पॅममध्ये पडून राहतो. म्हणून अर्ज पाठवण्याआधीच त्याला फोन करा. कोड मिळाला की ॲमेझॉनवर तुमच्या अर्जाच्या त्याच केसमध्ये उत्तर म्हणून टाका, नवा अर्ज करू नका. सल्लागार गाठता येत नसेल, तर आधी ट्रेडमार्कच्या नोंदीतला संपर्क बदलून घ्या आणि तो बदल नोंदीत दिसल्यावरच ब्रँडचा अर्ज पाठवा.