‘सॉरी’ म्हणवून घेतलं, ती चूक होती

सातवीचा वर्ग माझ्याकडे होता. मधल्या सुट्टीत तिघांनी एका मुलाचा डबा संडासाच्या खिडकीतून फेकला. तो तोतरा बोलतो, त्याची नक्कलही चालायची. मी चौघांना समोरासमोर उभं केलं, ‘सॉरी’ म्हणवून घेतलं आणि मिटलं समजले. दुसऱ्या दिवसापासून ‘चुगलखोर’ सुरू झालं.

मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आधी त्या मुलाशी एकट्याशी बोलले. वाक्य पूर्ण करायची घाई केली नाही, त्याचे शब्द तारखेसह वहीत जसेच्या तसे उतरवले. नंतर तिघांना वेगवेगळं बोलावलं. एकत्र असते तर एकच गोष्ट ऐकायला मिळाली असती! दोघं नुसते हसायला होते, पुढाकार एकाचाच होता. त्याच दिवशी दोन्हीकडच्या पालकांना फोन केला, पण भेटी वेगळ्या ठेवल्या. त्या पुढाकार घेणाऱ्याने स्वतःच्या पैशातून नवा डबा आणला. मधल्या सुट्टीत संडासाजवळच्या जिन्यापाशी मी स्वतः उभी राहू लागले, कारण सगळं तिथेच घडत होतं.

पाठपुरावा महिनाभर केला. ‘त्रास होतो का?’ विचारलं की तो ‘नाही’च म्हणायचा, म्हणून मी डबा बघायचे. पहिला आठवडा तो भरलेलाच परत जात होता आणि मुलगा तास चालू असतानाच लघवीला जायला सुट्टी मागायचा. तिसऱ्या आठवड्यात डबा रिकामा जाऊ लागला. नक्कल मात्र बसमध्ये चालू असल्याचं नंतर कळलं. तिथे ताईंना सांगून त्याची जागा पुढे घेतली.