खवणीची रील भरपूर पाहिली गेली, खवणी घेतली कुणीच नाही: डेमो व्हिडिओची स्क्रिप्ट लिहिताना या चुका टाळा

तुळशीबागेजवळ भांड्यांचं दुकान असलेल्या एका काकांसाठी मी गेल्या वर्षी ३० सेकंदांची रील लिहिली. वस्तू होती हाताने फिरवायची खवणी, खाली रबराची वाटी असलेली. दांडी दाबली की वाटीखालची हवा कमी होते आणि खवणी ओट्याला घट्ट धरते. व्हिडिओ देखणा झाला, पाहणारेही बरेच मिळाले. ऑर्डर मात्र आली नाही. कमेंटमध्ये एकच प्रश्न फिरून फिरून येत होता: "कडप्प्यावर चिकटते का?"

आम्ही शूटिंग केलं होतं काचेच्या टेबलावर. पेठांमधल्या जुन्या स्वयंपाकघरांत काचेचं टेबल कुठून येणार? तिथे कडप्प्याचा ओटा असतो, तोही वीस-तीस वर्षं घासून घासून खरखरीत झालेला. म्हणजे ज्यांना खवणी घ्यायची होती, त्यांची खरी शंका आमच्या व्हिडिओत कुठेच नव्हती.

चूक पहिली: वस्तूची ओळख करून देत बसणं

माझी पहिली स्क्रिप्ट अशी सुरू होत होती: "नमस्कार मंडळी, आज आम्ही तुमच्यासाठी घेऊन आलो आहोत एक खास…" खवणी दिसायला आठवं सेकंद उजाडायचं. तोवर अंगठा पुढच्या रीलवर गेलेला असतो. ही चूक ओळखणं सोपं आहे. रीलच्या इनसाइट्समध्ये प्रेक्षक कुठे गळाले याचा आलेख मिळतो. रेघ पहिल्या तीन सेकंदांतच कोसळली असेल तर दोष सुरुवातीचा, मधला भाग कितीही दुरुस्त केला तरी उपयोग नाही. नमस्कार काढून टाका. आपण दुकानात नाही, लोकांच्या हातातल्या फोनमध्ये आहोत.

चूक दुसरी, आणि सगळ्यात महागडी: नेमक्या पुराव्याच्या जागी कट मारणं

आमच्या व्हिडिओत खवणी टेबलावर ठेवली, कट. नारळ लावला, कट. वाटीभर खोबरं तयार! एडिटिंग चपळ होतं, म्हणूनच विश्वास बसत नव्हता. खवणी चिकटली की कुणी खालून धरून ठेवली होती? खोबरं तिचंच की आधी खवून ठेवलेलं? पाहणारा हे शब्दांत विचारत नाही, पण घेतही नाही.

दुसरी स्क्रिप्ट लिहिण्याआधी मी खवणी नारायण पेठेतल्या मावशीकडे घेऊन गेलो आणि काही न सांगता तिच्या ओट्यावर ठेवली. तिचा ओटा कडप्प्याचाच, पण पॉलिश अजून टिकलेलं. तिने आधी ओल्या फडक्याने ओटा पुसला. खवणी ठेवली, दांडी दाबली आणि पुढचं काहीही करण्याआधी दोन्ही हातांनी ती गदागदा ओढून पाहिली. हलली नाही, तेव्हा कुठे नारळाची वाटी हातात घेतली. खवताना मध्येच थांबून म्हणाली, "बघ हं, आता तपकिरी यायला लागेल. मोदकाला चालत नाही ते."

माझी स्क्रिप्ट तिथेच तयार झाली. डेमोमध्ये काय दाखवायचं हे वस्तू बनवणाऱ्याला विचारू नका, तो गुण सांगतो. पहिल्यांदा वापरणाऱ्याचे हात कुठे अडखळतात आणि ते काय तपासून पाहतात, ते बघा. ती तपासणी व्हिडिओत सलग, एकाच शॉटमध्ये हवी.

नवी स्क्रिप्ट अशी झाली:

० ते ३ सेकंद: ओट्यावर खवणी, दोन हात ती जोरात ओढतायत. आवाज: "ओढून बघा. हलतेय का?"

३ ते ८: दांडी वर, खवणी सुटते. ओलं फडकं, खवणी पुन्हा जागेवर, दांडी खाली. आवाज: "ओटा ओल्या फडक्यानं पुसा, खवणी ठेवा, दांडी खाली दाबा."

८ ते २०: अर्धा नारळ, एकच शॉट. आधी कुणी बोलत नाही, फक्त खवल्याचा आवाज. मग: "पांढरं खोबरं संपेपर्यंत फिरवा. तपकिरी दिसलं की थांबा."

२० ते २५: दुसऱ्या घरातला खरखरीत कडप्पा, खवणी निसटते. आवाज: "खरखरीत कडप्प्यावर ही चिकटत नाही. ओटा गुळगुळीत हवा."

२५ ते ३०: खोबऱ्याची वाटी. आवाज: "चारशे नव्वद रुपये. हवी असेल तर कमेंटमध्ये खवणी लिहा."

बोललेले शब्द मोजा, चाळीसही भरत नाहीत. सावकाश मराठी बोलताना सेकंदाला दोन-अडीच शब्द होतात, म्हणजे ३० सेकंदांत सत्तरएक बसतील. पण ते सगळे वापरायचे नसतात. माझ्या जुन्या स्क्रिप्टमध्ये शंभराच्या वर शब्द होते आणि बोलणारी मुलगी बातम्या वाचल्यासारखी धावत होती. हात काम करत असतील तेव्हा तोंडाने तेच सांगू नये.

अर्धा नारळ बारा सेकंदांत खवून होत नाही, हे कुठल्याही बाईला ठाऊक असतं. म्हणून तो शॉट आम्ही वेग वाढवून दाखवला आणि पडद्यावर तसं लिहिलं. वेग वाढवण्यात काही गैर नाही, न सांगता वाढवण्यात आहे. हा मजकूर पडद्याच्या अगदी खाली किंवा उजव्या कडेला ठेवू नका, तिथे कॅप्शन आणि बटणं येतात.

चूक तिसरी: वस्तूची मर्यादा लपवणं

२० ते २५ सेकंदांच्या शॉटवर काका तडकले. "अरे, आपणच सांगायचं चालत नाही म्हणून?" मी म्हटलं, "काका, कमेंटमध्ये लोक विचारतायतच. आपण गप्प बसलो तर खरखरीत ओटावाला मागवेल, निसटली की परत पाठवेल, आणि येण्याजाण्याचं कुरियर तुमच्या खिशातून जाईल." हा हिशेब मात्र त्यांना लगेच पटला. मर्यादा कुठे सांगायची तेही ठरलेलं असावं: पुराव्यानंतर आणि किमतीच्या आधी. सुरुवातीलाच सांगितली तर कुणी थांबत नाही, किमतीनंतर सांगितली तर फसवल्यासारखं वाटतं.

चूक चौथी: शेवटी चार कामं सांगणं

फॉलो करा, शेअर करा, खालच्या लिंकवर क्लिक करा, दुकानाला भेट द्या. यातलं एकही होत नाही. शिवाय इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही, यूट्यूब शॉर्ट्सच्या वर्णनातली लिंकही २०२३ पासून चालत नाही. एकच काम सांगा, आणि ते फोनवर खरंच करता येतं का हे आधी स्वतः करून बघा. किंमतही बोलूनच टाका. "किंमत इनबॉक्समध्ये" म्हटलं की पुण्यात तरी गिऱ्हाईक आधी संशय घेतं.

आता निदानाचं थोडं. आलेख शेवटपर्यंत टिकतो, कमेंटही भरपूर, तरी ऑर्डर नाही, असं झालं तर सगळ्या कमेंट वाचून काढा. एकच प्रश्न तीन-चार वेळा आला असेल तर तो पुराव्याचा शॉट राहिलाय, तेवढाच नव्याने घ्या. "खवणी" लिहिणारे खूप, पैसे भरणारे थोडे, असं असेल तर मात्र स्क्रिप्टला हात लावू नका. आमच्याकडे तेच झालं: काका कमेंटना उत्तर द्यायचे रात्री दुकान बंद केल्यावर, तोवर लोकांनी दुसरीकडून मागवलेली. मग त्यांच्या भाच्याला दर तासाला फोन बघायचं काम लावलं. आणि यंदा रील गणपतीच्या आठवड्यात न टाकता तीन आठवडे आधी टाकली, कारण मोदकाच्या दिवशी पोचलेली खवणी कुणालाच नको असते.