पट्टीवर ऑइल फुल, तरी लाल लाइट: गॅरेजमधला माझा दुसरा महिना

आयटीआयला मोटर मेकॅनिकचा ट्रेड करून मी लातूरात एका गॅरेजला लागलो तेव्हा माझी समजूत अशी होती की डॅशबोर्डवर ऑइलच्या डब्याचं चित्र लागलं म्हणजे ऑइल कमी झालं, टाका लिटरभर अन् चला. आयटीआयत लुब्रिकेशन सिस्टीमची आकृती काढून मार्क घेतले होते, पण लाइट नेमकी कशाची हे कधी डोक्यात शिरलंच नव्हतं. ते शिरलं एका गुरुजींच्या गाडीमुळं, अन् असं शिरलं की आता निघत नाही. गॅरेज लाइनला नवीन येणाऱ्या पोरांसाठी तेवढंच लिहितो.

उसाचा सीझन होता. गुरुजी अंबाजोगाईहून लातूरला यायले होते, गाडी 1300 सीसीची डिझेल, घरचे सगळे बसलेले. सीझनमधी ट्रॉली पंक्चर झाली की चाकाखाली दगड लावतात अन् जाताना दगड तिथंच सोडून जातात, हे आपल्याकडच्या रोडवर गाडी चालवणाऱ्याला सांगायला नको. अंधारात असाच एक दगड गाडीच्या पोटाला लागला. गुरुजी शहाणे माणूस, थांबले, मोबाइलची बॅटरी लावून खाली वाकून बघितलं, ऑइल गळत नव्हतं, मग निघाले. दोन-चार किलोमीटर गेल्यावर लाल लाइट लागली. परत थांबले, बॉनेट उघडून ऑइलची पट्टी काढली, पुसली, परत घालून बघितली तर ऑइल फुल. आठवड्यापूर्वीच सर्व्हिसिंग झालेली, मग फुल असणारच. ओळखीच्या एकाला फोन केला तर तो म्हणला, "सर, दगडानं सेन्सरची वायर हालली असंल, ऑइल फुल हाय ना, या घेऊन निवांत." त्यात अजून एक गंमत, गाडी स्लोवर असली की लाइट विझायची अन् पळवली की लागायची, त्यामुळं वायर लूज आहे हे गुरुजींना पटलंच.

असे ते वीसेक किलोमीटर आले. आधी वरच्या बाजूनं टकटक आवाज, मग खालून जाड ठोके, मग गाडी एकदम बंद. टोचन करून रात्री आमच्याकडं आली.

उस्तादांनी सकाळी पहिलं काम काय केलं तर पट्टी काढली. मला दाखवली, म्हणले, "बग बारक्या, काय दिसायलंय?" मी म्हणलो फुल आहे. "नीट बग." नीट बघितलं तर ऑइल वरच्या खुणेच्याही थोडं वर होतं. आठ दिवसांपूर्वी मापात भरलेलं ऑइल आपोआप वाढतंय का? तेव्हा मला काही सुचलं नाही. मग उस्तादांनी क्रँकच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून मला ओढायला लावलं, मी लोंबकळलो तरी हललं नाही. इंजिन जाम.

चेंबर खाली काढलं (पुस्तकात त्याला ऑइल सम्प म्हणतात, गॅरेजात सगळे चेंबरच म्हणतात) तेव्हा सगळं समजलं. चेंबरच्या तळाला दगडानं वाटीएवढा पोचा आणला होता. पत्रा फाटला नव्हता म्हणून थेंबभर गळलं नाही, अन् पत्रा आत गेल्यामुळं चेंबरमधली जागा कमी झाली म्हणून पट्टीवर ऑइल उलट वर चढलं. पण तो पोचा बरोबर ऑइल पंपाच्या जाळीखाली होता. जाळी अन् तळ यांच्यात थोडी फट लागते, तिथून पंप ऑइल ओढतो, ती फटच बुजली होती. म्हणजे चेंबरमधी ऑइल भरपूर अन् पंपाला प्यायला मिळेना.

आता लाइटकडं येतो. लाल रंगाचा ऑइलचा डबा, टोकाला थेंब, ही प्रेशरची लाइट. इंजिनच्या ब्लॉकला किंवा फिल्टरच्या बाजूला एक छोटा स्विच बसवलेला असतोय, त्याला पंपाच्या पुढच्या लाइनमधून ऑइल येतंय. प्रेशर असलं की स्विचमधला पडदा ढकलला जातो, कॉन्टॅक्ट तुटतो, लाइट विझते. प्रेशर गेलं की वायरला बॉडीची अर्थ मिळते अन् लाइट लागते. या स्विचला चेंबरमधी किती लिटर आहे याचं काही देणंघेणं नाही. पिवळा डबा, खाली लाटेसारखी रेघ किंवा बाजूला MIN लिहिलेलं, ही लेव्हलची लाइट, ती चेंबरमधल्या सेन्सरवरून चालते. ती लागली तर पुढच्या पेट्रोल पंपावर थांबून त्याच ग्रेडचं ऑइल टाकायचं, बऱ्याच गाड्यांत पट्टीच्या खालच्या अन् वरच्या खुणेत साधारण लिटरभराचा फरक असतो, त्यामुळं थोडं थोडं टाकत बघत जायचं. गाडी उतारावर तिरकी उभी असली तरी पिवळी कधी कधी उगाच लागते. आपल्याकडच्या कितीतरी छोट्या गाड्यांत ही पिवळी नसतेच. तिथं ऑइल कमी कमी होत गेलं तर लाल लाइट लागेपर्यंत कोणी सांगणारं नाही.

अन् लाल लाइट लई उशिरा लागते, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. बहुतेक गाड्यांचा स्विच 0.3 ते 0.5 बारच्या आसपास लागतो. गरम इंजिनला स्लोवर साधारण 1 बार अन् 3000 च्या आरपीएमला 3-4 बार प्रेशर पाहिजे असतंय. म्हणजे पळत्या गाडीला 3 च्या जागी 1 बार जरी उरलं तरी डॅशबोर्ड गप्प बसतोय. लाल दिसली म्हणजे प्रेशर जवळपास संपलेलं आहे.

प्रेशर नसलं तर काय होतंय ते गुरुजींच्या इंजिनात हातात घेऊन बघितलं. क्रँक बेअरिंगवर टेकून फिरत नसतोय, दोघांच्या मधी केसापेक्षा बारीक फट असते अन् त्या फटीत पंपानं सारखं ऑइल सोडलेलं असतंय, क्रँक त्या ऑइलवर तरंगतोय. 2000 आरपीएमला सेकंदाला तेहतीस फेरे, वरून पिस्टनचा दणका. ऑइल आलं नाही की धातूवर धातू. बेअरिंगचा वरचा थर मुद्दाम मऊ धातूचा असतोय, तो घासून पसरतो, गरम होतो, क्रँकला चिकटतो अन् बेअरिंग आपली जागा सोडून क्रँकबरोबर फिरायला लागतं. मेन बेअरिंग फिरलं की त्याचं भोक ब्लॉकमधल्या ऑइलच्या भोकासमोरून सरकतंय, मग जे थोडंफार ऑइल येत होतं तेबी बंद. तीन नंबरच्या रॉडची दोन्ही बेअरिंगं एकावर एक चढून पातळ पत्र्यासारखी झाली होती, तिथला क्रँक जळून निळा पडला होता, अन् चेंबरमधल्या ऑइलमधी बोट फिरवलं तर उन्हात चमकी दिसावी तसा चुरा. आधी ऐकू आलेली वरची टकटक टप्पेटची होती, त्यांनाबी ऑइलचं प्रेशर लागतं अन् ते पंपापासून लांब, म्हणून त्यांनी आधी आरडाओरडा केला. जाड ठोके आले तेव्हा बेअरिंग संपलेलं होतं. टर्बोचा शाफ्ट हलायला लागला होता, तो तर मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तो बिगर ऑइलचा किती टिकणार.

टेंपरेचरचा काटा मात्र शेवटपर्यंत मधोमध होता. गुरुजी तेच सारखं सांगायले होते, "गरम तर झालीच नाही हो." काटा पाण्याचा असतोय, बेअरिंगपाशी काय जळायलंय ते त्याला कळायला मार्ग नाही.

रेस दिल्यावर लाइट लागायची अन् स्लोवर विझायची याचाही अर्थ होता. स्लोवर पंपाला थोडंच ऑइल लागतंय, बुजलेल्या फटीतून तेवढं मिळायचं. रेस दिली की मागणी वाढली, फट पुरली नाही, लाइन रिकामी. चेंबरला पोचा किंवा जाळीला काळा गाळ असला तर असंच वागते. याच्या उलट गरम झाल्यावर स्लोवर मिणमिणते अन् जरा रेस दिली की विझते, तिथं बेअरिंग झिजलेली असतात किंवा ऑइल पातळ झालेलं असतंय. वळणावर नाहीतर ब्रेक मारल्यावर क्षणभर लागली तर ऑइल कमी आहे, एका बाजूला सरकतंय अन् पंप हवा ओढतोय. गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न हाच विचारायचा, कधी लागते. मी आता पाना हातात घ्यायच्या आधी हे विचारतो.

सेन्सर खराब असू शकतो का? असू शकतो, लई वेळा असतोच. पण ते रोडवर ठरत नाही. स्विचची वायर काढायची, तरी लाइट चालू राहिली तर वायर कुठंतरी बॉडीला लागलीय. विझली तर स्विच काढून त्या जागी प्रेशर गेज लावायचं, मगच इंजिन चालू करून आकडा बघायचा. गेजनं प्रेशर बरोबर दाखवलं तर स्विच बदला, काही शेकड्यांचं काम. गेज न लावता नुसता स्विच बदलून गाडी देणारे मेकॅनिक आहेत, काही तर वायरच काढून ठेवतात. म्हणून कोणतीबी गाडी हातात आली की चावी ऑन करून इंजिन चालू करायच्या आधी लाल लाइट लागते का बघा. लागली पाहिजे, अन् चालू केल्यावर दोन-तीन सेकंदात विझली पाहिजे. चावीवर लागतच नसेल तर कोणीतरी आधीच कारभार करून ठेवलाय.

गुरुजींचं बिल सत्तर हजाराच्या वर गेलं. क्रँक निळा पडल्यामुळं लेथवाल्यानं ग्राइंडिंगची गॅरंटी घेतली नाही, म्हणला घासून अंडरसाईज बेअरिंग टाकून देतो पण तुटला तर मला बोलू नका, म्हणून नवीन क्रँक, रॉड, पंप, टर्बो. लाइट लागली तिथंच बंद करून टोचन केली असती तर चेंबर, जाळी, पॅकिंग अन् ऑइल एवढ्यात भागलं असतं.

मागच्या महिन्यात मांजरसुंबा घाटातून एका टेम्पोवाल्याचा फोन आला, "भाऊ, लाल लागलीय, काय करू?" मी म्हणलो आधी साइडला घे अन् उभा राहिल्यावर बंद कर. घाटात चालत्या गाडीची चावी काढू नको हे मुद्दाम सांगितलं, कारण इंजिन बंद झालं की स्टेअरिंग जड होतंय अन् ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबात संपतोय. दहा मिनिटांनी सपाट जागेवर पट्टी काढायला लावली तर पट्टी कोरडी. ड्रेन नटचा वायसर गेलेला, येताना सगळं ऑइल रोडवर सांडलेलं. दुसऱ्या गाडीवाल्याकडून नवीन वायसर अन् ऑइलचा कॅन मागवला, पट्टी बघत बघत भरलं, फोन चालू ठेवूनच सेल मारायला लावला. "तीन मोज," म्हणलो, "नाही विझली तर लगेच बंद." त्यानं मोठ्यानं मोजलं, दोनलाच विझली. आवाज ऐकव म्हणलो, फोन बॉनेटपाशी धरला, टकटक नव्हती.