परमनंट कामगाराला काढण्याआधीची डोमेस्टिक इन्क्वायरी: या चुका टाळा, नाहीतर फाइल लेबर कोर्टात पहिल्याच टप्प्यात पडते

लेबर कोर्टात डिसमिसलची केस गेली की कामगाराने खरंच मारामारी केली का हा प्रश्न आधी येतच नाही. आधी दोन मुद्दे निघतात, डोमेस्टिक इन्क्वायरी म्हणजे कंपनीने स्वतः घेतलेली चौकशी फेअर होती का आणि तिचे फाइंडिंग्ज परव्हर्स, म्हणजे पुराव्यातून निघूच न शकणारे, आहेत का. म्हणजे समोर पुरावा असो नसो, पहिल्यांदा तुमची प्रोसिडिंगची फाइल तपासली जाते, आणि पुण्या-नाशिकच्या एमआयडीसीतल्या बऱ्याच फाइली इथेच गळतात. कारण बहुतेक वेळा एकच असतं, माणसाला काढायचं आधी ठरलेलं असतं आणि मग त्याला साजेसे कागद बनवलेले असतात, आणि ते कागद वाचताना स्पष्ट दिसतं.

एक उदाहरण धरून चालू. समजा एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत ३ मार्चला सेकंड शिफ्टला एका परमनंट ऑपरेटरने सुपरवायझरला शिव्या दिल्या आणि कॉलर धरली अशी तक्रार आहे. तिथून पुढे कुठे कुठे घसरतं ते बघा.

चार्जशीटमध्येच निकाल लिहिणे

नेहमीचं चार्जशीट असं असतं, "तुम्ही दि. ३ मार्च रोजी वरिष्ठांशी गैरवर्तन केले, हे कृत्य अत्यंत गंभीर असून तुम्ही गैरवर्तनाबद्दल दोषी आहात, तरी तुम्हाला कामावरून का काढू नये याचा २४ तासांत खुलासा करावा." यात दोन मोठ्या चुका आहेत. एक म्हणजे आरोप काय आहे तेच कळत नाही, गैरवर्तन म्हणजे नक्की काय, कुणाशी, कुठे, किती वाजता? दुसरी म्हणजे दोषी आहात हे आधीच लिहून टाकलंय, शिक्षाही सांगून टाकलीय, मग इन्क्वायरी कशासाठी?

नीट चार्जशीटमध्ये असं पाहिजे की रात्री सुमारे साडेनऊ वाजता अमुक लाइनवर सुपरवायझरने रिजेक्शनबद्दल विचारलं तेव्हा तुम्ही अमुक शब्द वापरले (शिवी जशीच्या तशी लिहा, लाजू नका, "अश्लील भाषा" एवढंच लिहिलं तर बचाव कशाचा करायचा आणि कोर्टाने गांभीर्य कसं ठरवायचं), उजव्या हाताने कॉलर धरली, तेव्हा अमुक दोघे तिथे होते. आणि हे सगळं "असा आरोप आहे" या भाषेत. खाली स्टँडिंग ऑर्डरचं, म्हणजे कंपनीला लागू असलेल्या लेखी सेवा-नियमांचं, कलम. महाराष्ट्राच्या जुन्या मॉडेल स्टँडिंग ऑर्डरमध्ये २४ नंबरला गैरवर्तनांची यादी होती आणि २५ ला शिक्षेची आणि इन्क्वायरीची पद्धत. स्टँडिंग ऑर्डर लागू असेल तर यादीत नसलेलं कृत्य नंतर ओढूनताणून गैरवर्तन ठरवता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने ग्लॅक्सोच्या केसमध्ये सांगून ठेवलंय. कामगाराला मराठीच येत असेल तर चार्जशीट मराठीत द्या, इंग्रजी देऊन "वाचून दाखवले" असं लिहिणं नंतर महागात पडतं. तक्रारीची कॉपी आणि ज्या कागदांवर आरोप उभा आहे ते सगळे सोबत जोडा.

आता सस्पेन्शन. इन्क्वायरी होईपर्यंतचं सस्पेन्शन ही शिक्षा नाही, म्हणून निर्वाह भत्ता द्यावाच लागतो, पहिले ९० दिवस पगाराच्या निम्मा आणि पुढे उशीर कामगारामुळे झालेला नसेल तर ७५ टक्के. हा भत्ता अडवून धरणं ही मला सगळ्यात निर्दयी चूक वाटते. १९९९ ची भारत गोल्ड माइन्सची केस सगळ्यांनी वाचावी. माणूस सस्पेंड, भत्ता बंद, तो केरळात घरी आणि इन्क्वायरी कोलारच्या खाणीत, जायला पैसे नाहीत म्हणून गेला नाही आणि एकतर्फी चौकशी करून काढून टाकला. सुप्रीम कोर्टाने ती इन्क्वायरी टिकू दिली नाही.

साक्षीदार आणि उलटतपासणी, खरी केस इथे जाते

सुप्रीम कोर्टाच्या १९६३ च्या सूर इनॅमलच्या निकालात इन्क्वायरीच्या पाच गोष्टी सांगितल्यात आणि अजूनही कोर्टात त्याच मोजल्या जातात. आरोप स्पष्ट कळवणे, साक्षीदार कामगाराच्या समोर तपासणे, उलटतपासणीची संधी, स्वतःचे साक्षीदार आणि स्वतःची साक्ष देण्याची संधी, आणि चौकशी अधिकाऱ्याने कारणं देऊन निष्कर्ष लिहिणे. वाचायला सोप्या वाटतात पण प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो.

चौकशी अधिकारी पहिल्या दिवशी कामगारालाच खुर्चीवर बसवून विचारायला सुरू करतो, तू कॉलर धरली का, मग तू तिथे का गेला होतास, मग आधी असं का बोललास. हे उलटं आहे. आरोप मॅनेजमेंटने केलाय तर आधी मॅनेजमेंटचे साक्षीदार, त्यांची उलटतपासणी, आणि मग कामगाराचा बचाव. कामगाराने आरोप स्पष्ट कबूल केला तर गोष्ट वेगळी. मिंगलास टी इस्टेटच्या केसमध्ये (१९६३ च) मॅनेजमेंटच्या बाजूने साक्षीदारच तपासले नव्हते, कामगारांनाच प्रश्न विचारले होते आणि चौकशी करणारेच घटनेचे साक्षीदार होते. ती इन्क्वायरी बाद झाली. म्हणून ज्या प्लांट मॅनेजरने भांडण सोडवलं त्याला चौकशी अधिकारी करू नका, तो साक्षीदार आहे. बाहेरचा वकील फी देऊन नेमला म्हणून इन्क्वायरी आपोआप बाद होत नाही, पण त्याने मॅनेजमेंट रिप्रेझेंटेटिव्हचं काम स्वतः करायला घेतलं, साक्षीदाराला उत्तरं सुचवली, अडचणीचे प्रश्न "गैरलागू" म्हणून उडवले तर तो निष्पक्ष राहिला नाही असंच दिसणार.

आपल्या उदाहरणात सुपरवायझरला बोलावलं आणि त्याची लेखी तक्रार "एक्झिबिट" म्हणून लावली, एवढ्यावर संपवलं तर पुरावा झाला का? नाही. त्याने तोंडी सांगायला पाहिजे काय घडलं, मग तक्रारीवरची सही ओळखायची, आणि मग उलटतपासणी. आधी टाइप करून आणलेला जबाब वाचून "बरोबर आहे" म्हणायला लावण्याची सवय सोडा, आणि वापरायचाच असेल तर केसोराम कॉटन मिल्सच्या निकालाप्रमाणे त्याच्या कॉप्या किमान दोन दिवस आधी कामगाराला द्या. पुराव्याचा कायदा इथे काटेकोर लागू नाही हे खरं, ऐकीव गोष्टही काही प्रमाणात चालते, पण लिहिणाराच आला नाही आणि नुसता कागद फाइलला लागला तर त्या कागदाची उलटतपासणी कोण घेणार? सीसीटीव्हीचं फुटेज असेल तर ते कामगाराला दाखवा. फक्त चौकशी अधिकाऱ्याने केबिनमध्ये बघून निष्कर्षात लिहिलं तर ते त्याच्या पाठीमागे घेतलेलं मटेरियल झालं.

बचाव प्रतिनिधी म्हणून डिपार्टमेंटमधला सहकारी किंवा युनियनचा पदाधिकारी, स्टँडिंग ऑर्डर सांगेल तसा. वकील मिळण्याचा सरसकट हक्क नाही. पण मॅनेजमेंटच्या बाजूने कायदा शिकलेला माणूस बसवला आणि कामगाराला वकील नाकारला तर ती बरोबरी नाही, हे सुप्रीम कोर्टाने मुंबई पोर्ट ट्रस्टच्याच केसमध्ये सांगितलं. आधी बघा तुमच्या बाजूने कोण बसतंय, मग कामगाराचा वकिलासाठीचा अर्ज फेटाळा.

रोजच्या प्रोसिडिंगच्या प्रत्येक पानावर सगळ्यांच्या सह्या आणि त्याच दिवशी कॉपी. कामगाराने सही नाकारली तर तसं लिहा आणि कॉपी पोस्टाने पाठवा.

"तो आलाच नाही" म्हणून एक्स पार्टे

कामगार गैरहजर राहिला की बरेच जण लिहून मोकळे होतात, कामगार आला नाही, सबब आरोप सिद्ध. असं होत नाही. एकतर्फी इन्क्वायरीतसुद्धा सुपरवायझरची साक्ष घ्यावीच लागते. त्याआधी नोटीस नोंदवलेल्या पत्त्यावर गेली का, पाकीट "घेण्यास नकार" म्हणून परत आलं की "पत्ता सापडला नाही" म्हणून, हे बघा, दोन्हीत फार फरक आहे. पुढची तारीख कळवा, आणि तो मधेच हजर झाला तर त्या टप्प्यापासून सामील होऊ द्या, मेडिकल सर्टिफिकेट दिलं असेल तर एक तारीख वाढवल्याने कुणाचं काही बिघडत नाही.

निष्कर्ष, दुसरी नोटीस आणि शिक्षा

चौकशी अधिकाऱ्याने फक्त आरोप सिद्ध की नाही एवढं लिहायचं, बचावाचा साक्षीदार का विश्वासार्ह वाटला नाही तेही लिहायचं. शिक्षा ठरवणं त्याचं काम नाही. हा रिपोर्ट शिक्षेच्या आधी कामगाराला द्यायचा, त्यावर त्याचं म्हणणं घ्यायचं, सुप्रीम कोर्टाचा ईसीआयएलच्या केसमधला १९९३ चा निकाल त्यासाठीच आहे. (त्याच निकालात हेही आहे की रिपोर्ट दिला नाही म्हणून डिसमिसल आपोआप रद्द होत नाही, त्यामुळे नुकसान काय झालं ते कामगाराने दाखवावं लागतं.) चौकशी अधिकाऱ्याने आरोप सिद्ध नाही म्हटलं आणि मॅनेजमेंटला ते पटलं नाही तर? आपली कारणं तात्पुरती म्हणून लिहून कामगाराला कळवायची आणि ऐकून घ्यायचं, परस्पर उलटवता येत नाही.

जुनं रेकॉर्ड शिक्षेत धरायचं असेल तर ते शिक्षेआधीच्या दुसऱ्या नोटिशीत नावानिशी लिहा, कोणत्या तारखेला कशाबद्दल काय शिक्षा झाली ते. पुण्याच्या भारत फोर्जच्या केसमध्ये कामगार भर ड्युटीवर झोपलेला सापडला, आधी तीनदा त्याच गैरवर्तनाबद्दल दोषी ठरला होता, आणि सुप्रीम कोर्टाने २००५ ला डिसमिसल कायम ठेवलं. घटना १९८३ ची. जुनं रेकॉर्ड नसतं तर तीच शिक्षा टिकली असती का याबद्दल मला शंका आहे. आपल्या ऑपरेटरची पंधरा वर्षं स्वच्छ असतील आणि सुपरवायझरने आधी आईवरून शिवी दिल्याचं उलटतपासणीत आलं असेल तर ते आदेशात येऊ द्या, कारण शिक्षा जास्त वाटली तर लेबर कोर्ट ती कमी करू शकतं.

आता नोव्हेंबर २०२५ पासून इंडस्ट्रियल रिलेशन्स कोड लागू झाल्यावर काही जण म्हणतात ३०० च्या खाली कामगार आहेत, स्टँडिंग ऑर्डर लागत नाही, मग इन्क्वायरी कशाला. हे चुकीचं आहे. नैसर्गिक न्यायाची तत्त्वं डावलून घाईने केलेली डोमेस्टिक इन्क्वायरी आणि त्यावरून काढणं हे जुन्या कायद्यातही अनफेअर लेबर प्रॅक्टिसच्या यादीत होतं आणि नव्यातही आहे. कन्सिलिएशनमध्ये म्हणजे सरकारी तडजोड अधिकाऱ्यापुढे किंवा ट्रिब्युनलपुढे वाद चालू असेल तर आदेशासोबत एक महिन्याचा पगार आणि मंजुरीचा अर्ज, हेही तपासूनच आदेश काढा.

शेवटी दोन्ही बाजूंसाठी एकेक कामाची गोष्ट. मॅनेजमेंटने कोर्टातल्या लेखी कैफियतीतच लिहावं की इन्क्वायरी सदोष ठरली तर आम्हाला इथे पुरावा देऊन आरोप सिद्ध करायची परवानगी मिळावी, ही मागणी उशिरा केली तर नाकारली जाऊ शकते. आणि कामगाराने जी गोष्ट नाकारली जाते, कागद असो, साक्षीदार असो की तारीख, त्याचा अर्ज तिथल्या तिथे लेखी द्यावा, पोच घ्यावी आणि प्रोसिडिंगवर सही करताना "हरकतीसह" असं लिहावं. दोन वर्षांनी कोर्टात तोंडी सांगितलेल्या हरकतीला फारसं कुणी विचारत नाही.