लाल बाटली हिरवी करताना चमक कशी टिकवायची

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका छोट्या फोटो स्टुडिओत मी ऑनलाइन दुकानांसाठी वस्तूंचे फोटो तयार करते. कामाला लागून दुसऱ्याच आठवड्यात लक्ष्मीपुरीतल्या एका व्यापाऱ्यांनी स्टीलची पाण्याची बाटली पाठवली. वर गडद लाल, चकचकीत पावडर कोटिंग आणि झाकण उघड्या स्टीलचं. बाटली चार रंगांत विकायची होती, पण हातात आलेली एकच, लाल. बाकीचे तीन रंग फोटोवरच करायचे होते.

मी फोटोशॉपमध्ये सरळ बाटलीभोवती मास्क केला, वर हिरव्या रंगाचा एक लेयर टाकला आणि त्याचा मोड Color ठेवला. दहा मिनिटांत बाटली हिरवी! फोटो पाठवला, तर संध्याकाळी शेठचा फोन. "ताई, रंग हिरवा आहे खरा, पण बाटली प्लास्टिकच्या खेळण्यासारखी दिसायला लागलीय. आमची अशी नाही हो." काय बिघडलं ते त्यांना सांगता येत नव्हतं आणि मलाही दिसत नव्हतं. स्टुडिओच्या मालकांना आम्ही अण्णा म्हणतो. त्यांनी खुर्ची ओढली आणि म्हणाले, "पट्ट्यावर आयड्रॉपर ठेव आणि आकडे वाच."

पट्टा म्हणजे बाटलीच्या डाव्या बाजूला वरपासून खालपर्यंत दिसणारं सॉफ्टबॉक्सच्या दिव्याचं प्रतिबिंब. मूळ फोटोत पट्ट्याच्या मध्यावर लाल 250, हिरवा 247, निळा 246 असे आकडे होते, म्हणजे जवळजवळ शुभ्र. माझ्या हिरव्या फोटोत मध्य जेमतेम पांढरा राहिला होता, पण पट्ट्याची मऊ कड आणि उजवीकडचं भिंतीचं फिकट राखाडी प्रतिबिंब दोन्ही पुदिन्याच्या चटणीसारखी हिरवट झाली होती. बाटली नकली दिसत होती ती त्यामुळेच.

कारण एकदा समजलं की विसरत नाही. रंगवलेल्या, लॅमिनेट केलेल्या किंवा प्लास्टिकच्या गुळगुळीत वस्तूवर प्रकाश दोन वाटांनी परत येतो. काही प्रकाश रंगाच्या थरात शिरतो, आत विखुरतो आणि रंग घेऊन बाहेर पडतो. काही प्रकाश आत न शिरता वरच्या पृष्ठभागावरूनच परततो. त्याला वस्तूचा रंग लागत नाही, तो दिव्याच्या रंगाचाच राहतो. स्टीव्हन शेफर यांनी 1985 साली या दोन भागांचं गणित मांडलं. आपल्या कामापुरतं एवढंच पुरे, की फोटोतला प्रत्येक बिंदू म्हणजे 'रंग अधिक चमक' अशी बेरीज असते. रंग बदलायचा, चमकेला हात लावायचा नाही.

मग चमक वेगळी काढायची कशी? अण्णांनी फोटोतला लाल, हिरवा आणि निळा भाग वेगवेगळा दाखवणारं Channels पॅनल उघडलं आणि Green वर क्लिक केलं. मी बघतच राहिले. बाटली जवळजवळ काळी झाली होती आणि तिच्यावर फक्त प्रतिबिंबं तरंगत होती. लाल रंग हिरवा प्रकाश गिळून टाकतो. चमक नसलेल्या जागी आकडे होते लाल 168, हिरवा 22, निळा 28. चमक मात्र तिन्ही चॅनलमध्ये सारखीच मिसळलेली असते. म्हणून लाल वस्तूचा हिरवा चॅनल म्हणजे जवळपास निव्वळ चमकच.

तेव्हापासून मी असं करते. Green निवडून Ctrl+A, Ctrl+C, मग RGB वर येऊन Ctrl+V. चमकेचा करडा लेयर तयार होतो. त्यावर Levels घेऊन काळा बिंदू 30 च्या आसपास आणते, म्हणजे तो 22 चा उरलेला रंगही निघून जातो. हा 30 आकडा पाठ करू नका. आपल्या फोटोत चमक नसलेल्या जागी चॅनल किती दाखवतो ते बघायचं आणि त्याच्या थोडं वर थांबायचं. जास्त ओढलात तर प्रतिबिंबाची मऊ कड कापली जाते आणि पट्टा कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसतो. या लेयरचा मोड Screen ठेवायचा आणि पेन टूलने केलेला बाटलीचा मास्क त्याला द्यायचा.

त्याच्या खाली नवा रंग. इथे मी एक दिवस फुकट घालवला. लाल चॅनलमधून हिरवा वजा केला तर निव्वळ रंगाची छटा मिळेल, असं वाटलं होतं. वजाबाकी केली तर पट्ट्याच्या दोन्ही कडांना काळसर रेघ आली. फाइलमधले आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात, गॅमाने वाकवलेले असतात, त्यामुळे साधी वजाबाकी उजळ भागात चुकते. बाटलीसारख्या गोल वस्तूला त्या खटाटोपाची गरजही नाही. नव्या रंगाचा सपाट लेयर घ्यायचा, दोन्ही कडांना Multiply मोडमध्ये हलका काळसर ग्रेडियंट द्यायचा आणि झाकणाखालची सावली मूळ फोटो बघून मऊ ब्रशने काढायची. वरून Screen ची चमक पडली की बाटली जिवंत होते. पिवळ्यावर पट्टा फिका आणि गडद निळ्यावर ठळक दिसतो. खऱ्या वस्तूवरही तसंच दिसतं, म्हणून तो फरक दुरुस्त करायला जायचं नाही.

रंग मॉनिटरवर अंदाजाने ठरवू नका. उद्यमनगरातल्या ज्या पावडर कोटिंगवाल्याकडे बाटल्या रंगतात, त्याच्याकडून त्याच रंगाचा पत्र्याचा तुकडा मागवा आणि त्याच दिव्याखाली ग्रे कार्डासोबत त्याचा फोटो घ्या.

आता सगळ्यात जास्त राहून जाणारी गोष्ट. हिरवी बाटली तयार झाली, आकडे बरोबर आले, तरी काहीतरी खटकत होतं. झूम करून पाहिलं तर स्टीलच्या झाकणाच्या खालच्या कडेला केसाएवढी लाल रेघ होती आणि बाटलीखालच्या पांढऱ्या ॲक्रिलिकवर लालसर सावट. बाटली स्वतः शेजाऱ्यांत दिसत होती, जुन्या रंगात. या दोन जागांवर वेगळा मास्क करून साधं Hue/Saturation चालतं, कारण तिथला लाल हा बाटलीकडूनच आलेला असतो.

धातूला मात्र वरचा नियम लावू नका. सोनं, पितळ, तांबं यांच्यावरून परतणारी चमकच धातूच्या रंगाची असते. सोन्याचा मुलामा दिलेला कोल्हापुरी साज फोटोत चांदीचा दाखवायचा असेल, तर चमकही पिवळीच असते आणि सगळ्याचाच पिवळेपणा काढावा लागतो. तिथे चमक जपायला गेलात तर चांदीवर पिवळे ठिपके उरतात.

हिरव्या चॅनलची युक्ती भडक लाल रंगावर चालते. निळ्या वस्तूसाठी लाल चॅनल घ्यायचा. काळी वस्तू तर जवळपास सगळी चमकच असते, तिथे वेगळं काढण्यासारखं फारसं काही नसतं. फिक्या गुलाबी किंवा क्रीम रंगात तिन्ही चॅनल उजळ असतात, त्यामुळे चमक नीट सुटत नाही. पांढऱ्यात तर रंग आणि चमक दोन्ही पांढरेच.

परवा शेठचा पुन्हा फोन आला. नवा डबा आलाय, सहा रंगांत विकायचाय. "पांढरा पाठवतो ताई, त्यावर कुठलाही रंग चढेल ना?"

"पांढरा नको शेठ," मी म्हणाले, "लाल नाहीतर काळा असेल तर तो पाठवा. आणि सहाही रंगांचे पत्र्याचे तुकडे सोबत."