परत आलेल्या मालामुळे साठा अहवाल आणि खातेवही जुळत नव्हती

लक्षण: महिनाअखेरीस साठा अहवालातली किंमत खातेवहीतल्या साठा खात्यापेक्षा १,२०० रुपयांनी कमी. नग मात्र बरोबर.

गोदाम पुन्हा मोजलं, मूल्यांकन पुन्हा चालवलं, शेवटी फरकाची जर्नल नोंद टाकली. पुढच्या महिन्यात फरक पुन्हा हजर. वैताग आला!

साठा खातं उघडून फक्त हाताने केलेल्या जर्नल नोंदी तेवढ्या पाहिल्या, तेव्हा कारण सापडलं. ग्राहकाकडून ४ कुकर परत आले होते. खरेदी १,२०० ला, विक्री १,५०० ला (कर सोडून). गोदामाने ते ४,८०० ला जमा केले, पण हिशेबात हाताने टाकलेल्या जर्नलने साठा नावे पडला क्रेडिट नोटच्या ६,००० ने.

दुरुस्ती याच क्रमाने करा. आधी फरकाची नोंद आणि ६,००० ची जर्नल, दोन्ही रद्द करा. मग गोदामाची सुटी जमा पावती रद्द करा. त्यानंतर मूळ डिलिव्हरी चलन उघडून त्यातूनच परतावा बनवा, म्हणजे विकताना लागलेली किंमत आपोआप येते: साठा नावे ४,८००, विक्री खर्च जमा ४,८००. क्रेडिट नोट वेगळी. ती विक्री परतावा, कर आणि ग्राहक एवढ्याच खात्यांना लागते, साठ्याला नाही.

मागची तारीख दिलीत तर त्यानंतरच्या विक्रीची सरासरी बदलू शकते, म्हणून त्या वस्तूचं मूल्यांकन पुन्हा चालवा आणि दोन्ही अहवाल एकाच तारखेचे काढा. फुटका माल आधी याच किमतीला घेऊन मग तोटा वेगळा दाखवा.