लघवीचा रिपोर्ट वाचताना एक ओळ नको, जोडी बघा

रूटीन युरिनच्या रिपोर्टमध्ये नजर आधी ठळक छापलेल्या आकड्यावर जाते. पण एकटा आकडा फारसं काही सांगत नाही. समजा, तिशीतल्या, कसलीही तक्रार नसलेल्या एका स्त्रीचा रिपोर्ट असा आहे: स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०३०, प्रोटीन ट्रेस, शुगर निल, नायट्राइट निगेटिव्ह, पस सेल्स ८-१०, एपिथेलियल सेल्स १०-१२. यात दोन गोष्टी ठळक छापून येतील, प्रोटीन आणि पस सेल्स. दोन्ही नीट वाचू.

१. पस सेल्सच्या शेजारी एपिथेलियल सेल्स बघा

पस सेल्स म्हणजे पांढऱ्या पेशी. सूक्ष्मदर्शकाच्या एका दृश्यात (रिपोर्टवर ‘एचपीएफ’) साधारण ५ पर्यंत दिसल्या तर ठीक मानतात. इथे त्या जास्त आहेत, पण एपिथेलियल सेल्सही भरपूर आहेत. या बहुतेक करून बाहेरच्या त्वचेवरून आणि योनीमार्गातून येतात. म्हणजे नमुन्यात बाहेरचं मिसळलं, आणि पस सेल्सही तिथूनच आल्या असू शकतात. अशा वेळी औषध घेण्याआधी नमुना पुन्हा द्यावा. जागा पाण्याने धुवा, सुरुवातीची धार सोडून द्या, मधली धार बाटलीत घ्या आणि २ तासांच्या आत लॅबमध्ये पोहोचवा. उशीर होणार असेल तर बाटली फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर राहिलेल्या लघवीत जंतू वाढतात.

खऱ्या संसर्गाचं चित्र वेगळं असतं. जळजळ, सारखी लागणारी लघवी, पस सेल्स भरपूर, एपिथेलियल सेल्स तुरळक, आणि बऱ्याचदा नायट्राइट पॉझिटिव्ह. मात्र नायट्राइट निगेटिव्ह आलं म्हणून संसर्ग नाहीच, असं धरू नका. जंतूंनी ते तयार करायला लघवी मूत्राशयात काही तास थांबावी लागते, शिवाय काही जंतू ते बनवतच नाहीत. संसर्गाची शंका असेल तर डॉक्टर कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघायची तपासणी, सांगतात; त्याचा नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीआधी द्यायचा. नंतर दिला तर जंतू सापडत नाहीत आणि सगळेच बुचकळ्यात पडतात. पस सेल्स वारंवार येतात पण कल्चरमध्ये काहीच वाढत नाही, असं झालं तर मुतखडा किंवा मूत्रमार्गाचा क्षयरोग यांचाही विचार करावा लागतो.

त्रास काहीच नसताना केवळ पस सेल्स दिसल्या म्हणून अँटिबायोटिक घेणं मला तरी पटत नाही. गरोदरपणात मात्र डॉक्टरांना दाखवाच. तेव्हा त्रास नसतानाही कल्चरमध्ये जंतू आले तर उपचार करतात.

२. प्रोटीनच्या शेजारी स्पेसिफिक ग्रॅव्हिटी

स्पेसिफिक ग्रॅव्हिटी लघवी किती दाट आहे ते सांगते. १.०३० म्हणजे चांगलीच दाट. पाणी कमी प्यायलं गेलं असावं. अशा लघवीत ट्रेस प्रोटीनला फार महत्त्व नाही. तेच ट्रेस १.००५ वर, म्हणजे पातळ लघवीत आलं, तर मात्र दुर्लक्ष करू नये. ताप किंवा जोरदार व्यायाम यांमुळेही प्रोटीन तात्पुरतं दिसतं. म्हणून १+ (साधारण ३० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) किंवा जास्त आलं, तर बरं वाटू लागल्यावर सकाळच्या पहिल्या लघवीची तपासणी पुन्हा करतात. तरीही राहिलं तर अल्ब्युमिन या प्रोटीनचं लघवीतलं प्रमाण नेमकं सांगणारा अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो करून मूत्रपिंडाकडे लक्ष द्यावं लागतं. पायावर किंवा डोळ्यांभोवती सूज, फेसाळ लघवी, वाढलेला रक्तदाब यांपैकी काही सोबत असेल तर थांबू नका.

मधुमेह असलेल्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. रूटीन तपासणीच्या पट्टीवर प्रोटीन निल आलं तरी थोडं अल्ब्युमिन निसटत असू शकतं. पट्टीला ते कळत नाही. वरचा अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो त्यांनी वर्षातून एकदा वेगळा करून घ्यावा.

३. शुगरच्या शेजारी रक्तातली साखर आणि औषधांची यादी

रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंड ती अडवू शकत नाही आणि ती लघवीत उतरते. त्यामुळे वरच्या रिपोर्टमधलं ‘निल’ मधुमेह नसल्याचा पुरावा नाही. १५० साखर असलेल्याचाही रिपोर्ट निल येईल. उलट डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं साखर मुद्दाम लघवीवाटे काढतात. ती घेणाऱ्याला ३+ आलं तर औषध काम करतंय, एवढाच त्याचा अर्थ. गरोदरपणातही रक्तातली साखर ठीक असताना लघवीत थोडी दिसू शकते, पण रक्त तपासूनच ते ठरवावं.

शुगरसोबत कीटोन, म्हणजे शरीर चरबी जाळताना तयार होणारे पदार्थ, पॉझिटिव्ह असतील आणि उलट्या, पोटदुखी किंवा धाप असेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. वरची औषधं घेणाऱ्यांमध्ये अशा वेळी रक्तातली साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं, त्यामुळे ग्लुकोमीटरवरचा बरा आकडा पाहून घरी थांबू नये.